दरवर्षी वाढत जाणारी शिष्यवृत्ती कायमची द्यायची, तर मुद्दल किती ठेवावं?

अनघा_गोरेगाव

नमस्कार मंडळी. आई गिरगावातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या नावाने त्या शाळेत दहावी झालेल्या एका मुलीला दरवर्षी शिष्यवृत्ती द्यायची, असं आम्हा तिघा भावंडांच्या मनात आहे. पहिली ५०,००० रुपयांची, मग दरवर्षी ५ टक्के वाढ. वाढ हवीच, कारण वीस वर्षांनी ५०,००० मध्ये कुठल्या मुलीचं वर्षभराचं शिक्षण होणार? आणि आमच्यानंतरही ती चालू राहिली पाहिजे.

तिघांचे मिळून १८ लाख जमलेत. शाळेच्या कार्यालयात म्हणाले, सात लाख ठेवा, पुष्कळ झाले. धाकटा भाऊ म्हणतो की कधीच न संपणारी आणि वर वाढत जाणारी रक्कम द्यायची तर अठरा लाख काय, अठरा कोटीही पुरणार नाहीत. खरं काय धरायचं? व्याज ७.५ टक्के धरून सांगा.

सदानंद_शिवडी

अनघाताई, मी बँकेतून निवृत्त झालो, त्या अनुभवावर सांगतो. शाळेचा हिशोब बरोबर आहे. ५०,००० ला ७.५ टक्क्यांनी भागा, ६,६६,६६७ येतात. एवढ्या रकमेवर दरवर्षी ५०,००० व्याज मिळत राहील आणि मुद्दल जागच्या जागी राहील. तुम्हाला वाढ द्यायची आहे म्हणून थोडे जास्त, साडेसात लाख ठेवा. मुद्दलाला हात लावायचा नाही, एवढा नियम पाळला की निधी कायम चालतो. बाकीच्या पैशातून शाळेला वाचनालय करून द्या.

मंदार_परळ

सदानंदकाका, स्थिर रकमेसाठी तुमचा आकडा अगदी बरोबर आहे. वाढत्या रकमेसाठी तो चालणार नाही, आणि किती कमी पडतो ते वर्षावर्षाने मांडल्यावर दिसतं.

साडेसात लाख ठेवले. पहिल्या वर्षअखेर व्याज ५६,२५०, त्यातून ५०,००० दिले, उरलेले मुद्दलात घातले. दुसऱ्या वर्षी ५२,५०० द्यायचे, व्याज ५६,७१९, अजून ठीक. तिसऱ्या वर्षी ५५,१२५ द्यायचे, व्याज ५७,०३५. चौथ्या वर्षी द्यायचे ५७,८८१ आणि व्याज ५७,१७८. म्हणजे चौथ्याच वर्षी मुद्दलाला हात लागला. तिथून पुढे देणं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतंय आणि मुद्दल कमी होतंय. विसावी शिष्यवृत्ती देताना तीनेक हजार कमी पडतील आणि खातं रिकामं होईल. सुरुवातीची तीन वर्षं सगळं छान दिसतं, हाच त्यातला धोका आहे. विश्वस्तांच्या लक्षात येईपर्यंत दुरुस्तीची वेळ गेलेली असते.

अनघाताई, तुमच्या अटींवर लागणारी रक्कम काढायला ७.५ मधून ५ वजा करा. उरले २.५ टक्के. ५०,००० ला २.५ टक्क्यांनी भागा, २० लाख येतात. पहिली शिष्यवृत्ती आजपासून बरोबर एक वर्षाने द्यायची असेल तर २० लाखांत ती खरोखर कायम चालते. भावाला सांगा की अठरा कोटींची गरज नाही.

(मी अ‍ॅक्च्युअरी आहे, पेन्शन निधींचं काम करतो. त्यामुळे हा प्रश्न रोजचा.)

अनघा_गोरेगाव

मंदार, उत्तर मिळालं पण पटलं नाही. पन्नास वर्षांनी ही रक्कम पाच लाखांच्या वर गेलेली असेल. शंभर वर्षांनी तर काही विचारूच नका. आणि तरी २० लाख पुरतात?

मंदार_परळ

पुरतात, कारण मुद्दलही तेवढ्याच वेगाने वाढत असतं. सूत्र बाजूला ठेवा, पहिल्या वर्षाचं व्याज बघा. २० लाखांवर दीड लाख मिळाले. त्यातले ५०,००० मुलीला दिले. राहिलेले एक लाख खर्च करायचे नाहीत, मुद्दलात परत घालायचे. एक लाख म्हणजे २० लाखांचे बरोबर ५ टक्के. पुढच्या वर्षी मुद्दल २१ लाख, शिष्यवृत्ती ५२,५००, दोन्ही ५ टक्क्यांनी वाढले. प्रमाण जसंच्या तसं राहिलं, म्हणून हे कितीही वर्षं चालू शकतं.

म्हणजे व्याजाचे दोन भाग आहेत. अडीच टक्के आजच्या मुलीचे, पाच टक्के पुढच्या मुलींचे. शाळेने सांगितलेल्या हिशोबात पुढच्यांचा भागही आजच वाटला जातो.

आता तुमच्याकडे १८ लाख आहेत. अडीच टक्क्यांच्याच प्रमाणाने चाला. १८ लाखांचे अडीच टक्के ४५,०००. पुढल्या वर्षी ४५,००० पासून सुरुवात करा, बाकी सगळं तुम्ही म्हणता तसंच.

तन्मय_व्हीजेटीआय

मी हेच दोन मित्रांना सोडवायला दिलं. एकाचं उत्तर २१ लाख आलं, दुसऱ्याचं २१.५ लाख. दोघांनीही व्याज ७.५ आणि वाढ ५ टक्केच धरली होती. मंदारदादा, कोण चुकलं?

मंदार_परळ

कोणीच नाही. तिघांनी तीन वेगळे प्रश्न सोडवले आहेत. भागाकारातून येणारी किंमत नेहमी पहिल्या हप्त्याच्या एक वर्ष आधीची असते. हे एक वाक्य लक्षात ठेवलं की घोटाळा होत नाही.

मी धरलं की वर्षाने मुलीच्या हातात ५०,००० पडतील. ते २० लाख. ज्याचं २१ लाख आलं, त्याने ५०,००० म्हणजे आजच्या किमतीतले धरले, म्हणजे वर्षाने प्रत्यक्षात ५२,५०० द्यायचे. तिसऱ्याने पहिली शिष्यवृत्ती आजच हातात ठेवली. आजचे ५०,००० रोख, आणि वर्षाने ५२,५०० पासून पुढची सगळी साखळी, तिची किंमत २१ लाख. मिळून साडेएकवीस.

अनघाताई, शाळेचा कार्यक्रम कधी असतो? निकालानंतर लगेच, याच जूनमध्ये पहिली शिष्यवृत्ती द्यायची असेल, तर १८ लाखांत ४५,००० ऐवजी ४१,८६० बसतात. करारात "५०,००० रुपये, दरवर्षी ५ टक्के वाढ" एवढंच लिहिलं तर दहा वर्षांनी दोन विश्वस्त दोन वेगळे आकडे काढतील आणि दोघांनाही आपलाच बरोबर वाटेल. पहिल्या वर्षाची तारीख आणि रक्कम नीट लिहा.

स्मिता_डोंबिवली

माझी पण अशीच वाढती पेन्शन आहे. निवृत्तीच्या पैशातून एलआयसीची अ‍ॅन्युइटी घेतली, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढीचा पर्याय घेतला. मग एलआयसीही व्याजदरातून ३ वजा करून भागते का? माझे पैसे बरोबर लागले का, हे मला तपासायचं आहे. आणि अशी पेन्शन माझ्यानंतर मुलाला, नातवाला, पुढे कायम मिळेल अशी काही सोय असते का?

मंदार_परळ

स्मिताताई, तुमचं प्रकरण दोन बाबतीत वेगळं आहे. तुमची पेन्शन तुम्ही आहात तोवर आहे, कायमची नाही. म्हणून तिची किंमत आयुर्मानाच्या तक्त्यावरून ठरते, या भागाकारातून नाही. दुसरं म्हणजे तुमचा ३ टक्क्यांचा पर्याय सरळ वाढीचा आहे, चक्रवाढीचा नाही. दरवर्षी पहिल्या रकमेचे ३ टक्के वाढतात, म्हणजे दरवर्षी तेवढेच रुपये. पॉलिसीच्या कागदावर तसं लिहिलेलं सापडेल.

हा फरक अनघाताईंनाही उपयोगाचा आहे. "दरवर्षी २,५०० रुपये वाढ" आणि "दरवर्षी ५ टक्के वाढ" पहिल्या वर्षी सारखंच. पण कायमच्या हिशोबात २,५०० ची सरळ वाढ ११ लाख ११ हजारांत भागते. ५०,००० भागिले ०.०७५, अधिक २,५०० भागिले ०.०७५ चा वर्ग. चक्रवाढीला २० लाख लागतात. तिसाव्या वर्षी सरळ वाढीची मुलगी १,२२,५०० घेईल आणि चक्रवाढीची सुमारे २,०५,८००. महागाई चक्रवाढीने वाढते, त्यामुळे सरळ वाढीची शिष्यवृत्ती हळूहळू मागे पडते, फक्त स्थिर रकमेपेक्षा उशिराने.

हिशेबनीस_पार्ले

सीए आहे, ट्रस्टची कामं करतो. स्मिताताईंच्या दुसऱ्या प्रश्नापुरतं: कुटुंबासाठीचा खासगी ट्रस्ट कायमचा करता येत नाही. मालमत्ता किती काळ अडकवून ठेवता येते याला १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मर्यादा आहे. हयात असलेल्या व्यक्तींचं आयुष्य आणि त्यानंतर जन्मणारा सज्ञान होईपर्यंतचा काळ, साधारण तिथपर्यंतच. सार्वजनिक, धर्मादाय कामाला ही मर्यादा लागू नाही. म्हणून अनघाताईंची शिष्यवृत्ती कायमची होऊ शकते, नातवंडांची पेन्शन नाही.

आता अनघाताईंच्या योजनेतली एक गोष्ट, जी गणितात दिसत नाही. धर्मादाय संस्थेला करसवलत हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्या कामावर लावावे लागतात. १५ टक्के मागे ठेवता येतात. मंदारच्या योजनेत व्याजाचे दोन तृतीयांश परत मुद्दलात जातात. त्यासाठी स्वतंत्र ट्रस्ट काढलात तर हा नियम आणि ही योजना एकमेकांच्या आड येतात. आज व्याज १,३५,००० आहे, करपात्र मर्यादेच्या खाली, म्हणून काही जाणवणार नाही. व्याज मर्यादेच्या वर गेलं की प्रश्न उभा राहील. विशिष्ट हेतू लिहून पाच वर्षांपर्यंत पैसे साठवता येतात, पण तो हेतू खर्चाचा असावा लागतो, मुद्दल फुगवण्याचा नाही.

शाळेच्याच नोंदणीकृत ट्रस्टला, "हे मुद्दल म्हणून" असं लेखी सांगून पैसे दिले, तर चित्र बदलतं. संस्थेचं सगळं उत्पन्न एकत्र धरलं जातं आणि पगार, देखभाल यात ८५ टक्के सहज लागून जातात. तुमच्या निधीचं व्याज निधीतच राहिलं तरी अडत नाही. मात्र ताळेबंदात या निधीचं स्वतंत्र शीर्ष असलं पाहिजे आणि परत घातलेलं व्याज त्याच शीर्षाखाली दिसलं पाहिजे. नाहीतर ते संस्थेच्या सर्वसाधारण पैशात मिसळून जातं आणि नंतर कोणाला वेगळं काढता येत नाही.

जुनी_पानं_लालबाग

हिशेबनीसांच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय. मी एका जुन्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आहे. आमच्याकडे दिवंगत सभासदांच्या नावाचे बरेच पारितोषिक निधी आहेत, कुणी १,००१ दिले, कुणी ५,०००. देणाऱ्यांनी त्या काळी आपल्या पगाराचे महिनेच्या महिने घातले होते. मुद्दलाला आजवर कोणी हात लावलेला नाही. सगळं व्याज दरवर्षी दिलं गेलं, नियमाप्रमाणे. आज त्या ५,००० च्या व्याजातून मुलाला एक बरं पुस्तकही देता येत नाही. वार्षिक सभेत आम्ही नावं वाचून दाखवतो आणि पारितोषिक म्हणून प्रमाणपत्र देतो. त्यांची मुलं, नातवंडं सभेला येतात. त्यांच्याकडे बघवत नाही.

सदानंदकाका, मुद्दल शाबूत होतं. तरी निधी संपला.

तन्मय_व्हीजेटीआय

असंच एक उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. लेकडाइक बोव्हनडाम्स या तिथल्या पाणी मंडळाने १६४८ मध्ये नदीच्या बांधासाठी कायमचं कर्जरोखं काढलं, १,००० गिल्डरचं. ते अजून जिवंत आहे. येल विद्यापीठाने २००३ मध्ये विकत घेतलं आणि २०१५ मध्ये बारा वर्षांचं थकलेलं व्याज वसूल केलं. मिळाले १३६ युरो २० सेंट, म्हणजे वर्षाला सव्वाअकरा युरोंच्या थोडं वर. कायमचं देणं साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ पाळलं गेलं, फक्त त्याची किंमत उरली नाही.

मंदारदादा, माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. ५ टक्के वाढ कुठून आली? कॉलेज आणि क्लासच्या फीया त्यापेक्षा जोरात वाढतात. ८ टक्के धरायला हवेत. पण ८ धरले तर ७.५ वजा ८, उणे ०.५. उत्तर उणे एक कोटी येतं. याचा अर्थ काय लावायचा?

मंदार_परळ

अर्थ असा की ते उत्तरच नाही. सूत्र फक्त व्याज वाढीपेक्षा जास्त असतानाच खरं असतं. व्याज ७.५ आणि वाढ ८ असेल तर प्रत्येक पुढच्या हप्त्यासाठी आज ठेवायची रक्कम आधीच्या हप्त्यापेक्षा जास्त होते. अशा रकमांची बेरीज कुठे थांबतच नाही. अनघाताईंच्या भावाची भीती या एका परिस्थितीत खरी ठरते. स्प्रेडशीट मात्र तक्रार न करता उणे आकडा दाखवते. तो कुणाच्या डोळ्यांतून निसटला की पुढचं सगळं चुकतं.

फी काही वर्षं ८ टक्क्यांनी वाढेल हे मी मान्य करतो. पण जी गोष्ट कायम व्याजापेक्षा जोरात वाढेल ती शेवटी कोणालाच परवडणार नाही, म्हणून "कायम ८ टक्के" हे गृहीतकच टिकत नाही. त्याऐवजी दोन टप्पे करा. पहिली पंधरा वर्षं ८ टक्के, नंतर ५. पहिल्या पंधरा हप्त्यांची आजची किंमत ७ लाख २१ हजारांच्या आसपास. सोळावा हप्ता येतो सुमारे १,५४,२००. त्याला २.५ टक्क्यांनी भागलं की पंधराव्या वर्षाच्या शेवटची किंमत मिळते, साधारण ६१ लाख ६८ हजार. ती पंधरा वर्षं मागे आणली की २० लाख ८५ हजार. एकूण २८ लाख. इथे पुष्कळजण सोळा वर्षं मागे आणतात, सोळावा हप्ता म्हणून. भागाकार किंमत एक वर्ष आधीची देतो, म्हणून पंधराच.

५ टक्क्यांबद्दल म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्ट ४ टक्के आहे, दोन्ही बाजूंना २ ची मुभा. त्या पट्ट्यात ५ बसतात. शिक्षणासाठी कमी आहेत की नाहीत, यावर तुझ्याशी भांडणार नाही.

सदानंद_शिवडी

मंदार, गणित समजलं. ४५,००० पासून वाढवत नेलं तर किती वर्षांनी १,३५,००० होतात ते मी काढून पाहिलं. चोविसाव्या शिष्यवृत्तीला. म्हणजे अठरा लाखांचं सगळं व्याज दिलं तर जी रक्कम आजच्या मुलीला मिळाली असती, ती तुमच्या योजनेत तेवीस वर्षं कोणालाच मिळणार नाही. चाळीत राहणारी, वडील नसलेली मुलगी आज दारात उभी आहे. तिला तिसरा हिस्सा द्यायचा आणि जी अजून जन्मली नाही तिच्यासाठी दोन हिस्से ठेवायचे? कागदावर दोन्ही योजनांची किंमत १८ लाखच आहे. मग आजच्या मुलीचा विचार आधी का नको?

जुनी_पानं_लालबाग

काका, हा प्रश्न मला टाळता येत नाही. पण आमच्या देणगीदारांनीही बहुधा असाच विचार केला असेल.

मंदार_परळ

याला गणितात उत्तर नाही, काका. किंमत दोन्हींची सारखी, वाटप वेगळं. स्थिर रकमेत एकूण किमतीचा ८४ टक्के भाग पहिल्या पंचवीस वर्षांत संपतो. वाढत्या रकमेत पहिल्या पंचवीस वर्षांत फक्त ४४ ते ४५ टक्के जातो, अर्ध्याहून जास्त किंमत त्यानंतरच्या मुलींची. कोणत्या मुलींना किती, हे अनघाताई आणि त्यांच्या भावंडांनी ठरवायचं. मधला रस्ताही आहे. वाढ ५ ऐवजी ३ टक्के ठेवली तर पहिली रक्कम १८ लाखांच्या साडेचार टक्के, म्हणजे ८१,००० होते.

मात्र त्याच कारणाने एक सावधगिरी हवी. अर्ध्याहून जास्त किंमत पंचवीस वर्षांपलीकडे असेल तर तेव्हाचा व्याजदर काय असेल यावर सगळं उभं राहतं. बँकेची ठेव जास्तीत जास्त दहा वर्षांची. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँकांचे लांब मुदतीचे दर साडेपाचपर्यंत खाली आले होते. साडेपाच आणि ५ मधला फरक अर्धा टक्का. त्या दराने ५०,००० साठी एक कोटी लागतात. साडेसहाने ३३ लाख. साडेसाताने २०. व्याजाचा अंदाज थोडासा चुकला तरी किंमत कितीतरी पट बदलते. दोन आकड्यांमधलं अंतर जितकं कमी, तितकं हे जास्त.

तन्मय_व्हीजेटीआय

सरकारचे पन्नास वर्षांचे रोखे आहेत ना? २०२३ मध्ये पहिल्यांदा काढले, ७.४६ टक्क्यांचा, २०७३ ला संपणारा. तो घेतला की दर बांधला गेला.

मंदार_परळ

मुद्दलावरचा बांधला गेला. पण आपण व्याजाचे दोन तृतीयांश परत गुंतवतोय, आणि ते त्या त्या वर्षीच्या दराने गुंतवले जातील. सगळं व्याज वाटून टाकणाऱ्या निधीला असा रोखा पूर्ण संरक्षण देतो. वाढत्या निधीला अर्धवटच. तरीही ठेवींपेक्षा बरा, हे मान्य.

अनघा_गोरेगाव

मग ५ टक्के वाढीचं वचन मी द्यायचं की नाही? व्याज पडलं तर शाळा काय करेल?

हिशेबनीस_पार्ले

वचन म्हणून लिहू नका. "दरवर्षी ५ टक्के वाढवून द्यावे" असं दानपत्रात लिहिलं की ते विश्वस्तांवर बंधन होतं. व्याज साडेपाचवर आलं तरी त्यांना तेवढे द्यावे लागतात, आणि मुद्दल पोखरलं जातं. नंतर अट बदलायची तर धर्मादाय आयुक्तांकडे, वरळीला, अर्ज-विनंत्या. रक्कम लिहू नका, प्रमाण लिहा.

मंदार_परळ

हेच मी सुचवणार होतो. "दरवर्षी निधीच्या मुद्दलाच्या अडीच टक्के शिष्यवृत्ती द्यावी, बाकी व्याज मुद्दलात घालावं." एवढं एक वाक्य. व्याज ७.५ मिळालं तर शिष्यवृत्ती आपोआप ५ टक्क्यांनी वाढते. व्याज साडेपाच झालं तर १८ लाखांवर ९९,००० येतील, ४५,००० दिले, ५४,००० मुद्दलात गेले, वाढ ३ टक्के. शिष्यवृत्ती हळू वाढेल, पण बंद पडणार नाही. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांचे निधी अशाच प्रमाणावर चालतात. ते अनेक वर्षांच्या मुद्दलाची सरासरी धरतात, कारण त्यांचे पैसे शेअर बाजारात असतात आणि मुद्दल वरखाली होतं.

शाळेच्या कार्यालयाला ही चार ओळींची स्प्रेडशीट द्या. B म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचं मुद्दल, C वर्षअखेरची शिष्यवृत्ती, D त्या वर्षी प्रत्यक्ष मिळालेलं व्याज.

```
B2: 1800000
C2: =B2*2.5%
D2: =B2*7.5%
B3: =B2+D2-C2
```

C2 आणि B3 मधली सूत्रं खाली ओढत न्या. D मध्ये सूत्र न ठेवता दरवर्षी बँकेच्या पासबुकातला आकडा हाताने भरा. निधी नीट चाललाय का, हे एकाच गोष्टीवरून कळेल. B चा आकडा पाच वर्षांत किती वाढला ते बघायचं. महागाईपेक्षा कमी वाढला असेल तर विश्वस्तांनी अडीच टक्क्यांचे दोन करायचे.

सदानंद_शिवडी

आणि जास्त वाढला तर तीन करायची मुभाही लिहा. कमी करायचा अधिकार देता, तसा वाढवायचाही द्या. माझं म्हणणं आजही तेच आहे.

अनघा_गोरेगाव

काका, तुमचं म्हणणं घरी जसंच्या तसं सांगितलं. धाकटा भाऊ आता तुमच्या बाजूला आहे, ताई मंदारच्या. ३ टक्के वाढ आणि ८१,००० यावर आज रात्री पुन्हा बोलणार आहोत. प्रमाण लिहायचं, रक्कम नाही, यावर मात्र तिघांचं एकमत झालं. या जूनमध्ये काही द्यायचं नाही, पुढच्या जूनपासून सुरुवात, हेही ठरलं.

एकच राहिलं. आमच्यातल्या कुणी पुढे आणखी पैसे घातले, किंवा आईच्या जुन्या विद्यार्थिनींनी दिले, तर हिशोब पुन्हा करावा लागेल का?

मंदार_परळ

नाही. आलेली रक्कम B मध्ये मिळवायची. पण ती वर्षाच्या मध्ये आली असेल तर त्या वर्षी तिच्यावर अडीच टक्के देऊ नका, पुढच्या वर्षापासून द्या. अजून तिचं पूर्ण वर्षाचं व्याज जमलेलं नसतं.

हिशेबनीस_पार्ले

आणि प्रत्येक देणगीदाराकडून "मुद्दलासाठी" असं लेखी घ्या. पावतीवर नुसतं "देणगी" लिहिलं की ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते.